कॉल ऐकू येतात, गाणी मात्र नाहीत: गाडीच्या ब्लूटूथचा माझा अनुभव

आमच्या गाडीच्या स्टिरिओवर माझ्या फोनचे कॉल स्वच्छ ऐकू येत असत, पण गाणे लावले की आवाज फोनच्याच स्पीकरमधून येई. नकाशातील मार्गसूचनाही फोनमधूनच बोलत असल्यामुळे दोष गाण्यांच्या ॲपमध्ये नसावा, हे लक्षात आले. कॉल चालतात त्या अर्थी ब्लूटूथची जोडणी पूर्ण आहे, असे वाटणे साहजिक असले तरी कॉल आणि संगीत ब्लूटूथच्या दोन वेगळ्या प्रोफाइलवरून जातात. दुतर्फा बोलण्यासाठी एचएफपी असते आणि एकतर्फी स्टिरिओ आवाजासाठी एटूडीपी, आणि यांपैकी एक जोडलेले असताना दुसरे बंद राहू शकते.

माझा फोन अँड्रॉइडचा आहे. सेटिंग्जमधील "Connected devices" मध्ये गाडीच्या नावाशेजारच्या दातेरी चक्रावर बोट ठेवले, तेव्हा "Phone calls" चालू आणि "Media audio" बंद दिसले. ते चालू केले, तरी नावाखाली "Connected (no media)" हीच ओळ कायम राहिली. फोन आता संगीत पाठवायला तयार होता, पण स्टिरिओ ते स्वीकारत नव्हता, असा त्याचा अर्थ होता.

म्हणून स्टिरिओमधील जोडलेल्या फोनची यादी उघडली. तेथे प्रत्येक नावापुढे रिसीव्हरचे आणि संगीताचे अशी दोन चिन्हे होती. माझ्या नावापुढे फक्त रिसीव्हर उजळलेला होता आणि संगीताचे चिन्ह शेजारी बसलेल्या माझ्या पतींच्या फोनकडे होते. आमचा स्टिरिओ दोन फोनचे कॉल घेतो, परंतु संगीत एका वेळी एकाच फोनचे घेतो. त्यांच्या फोनचे ब्लूटूथ बंद करून मी पुन्हा जोडणी केली आणि गाणे लगेच स्पीकरवर आले. कोणतीही सेटिंग पुसण्यापूर्वी ही परीक्षा करावी, असे माझे मत आहे.

तरीही गाडी पुन्हा सुरू केली की संगीताचा मान त्यांच्याच फोनला मिळू लागला. अखेर माझ्या फोनची नोंद स्टिरिओमधून आणि गाडीची नोंद फोनमधून, अशी दोन्हीकडून काढली. एकाच बाजूची नोंद पुसल्यास दुसरीकडे जोडणीची जुनी सांकेतिक किल्ली शिल्लक राहते आणि नव्या जोडणीला अडथळा येऊ शकतो. नव्याने जोडताना स्टिरिओने विचारलेल्या पर्यायांत कॉल आणि संगीत दोन्ही निवडले आणि माझा फोन प्राधान्याचा ठरवला. संपर्कयादीची परवानगी मी नाकारली. तिचा संगीताशी संबंध नसतो.

आयफोनमध्ये संगीतासाठी असे स्वतंत्र बटण नसते, त्यामुळे तेथे शोध थेट स्टिरिओच्या यादीपासून सुरू करावा लागतो. पती गाडी चालवतात तेव्हा ते त्या यादीत आपल्या नावापुढचे संगीताचे चिन्ह दाबतात, आणि माझे कॉल तेव्हाही स्टिरिओवर येतात.