पहिल्या बाकाची विनंती

“चष्मा लागला ना आता? मग पहिल्या बाकाचा हट्ट कशासाठी?”

कारण चष्मा घालूनही माझ्या मुलीच्या डाव्या डोळ्याला अजून पुरेसे दिसत नाही. तिचा उजवा डोळा जवळपास निकोप आहे आणि डाव्याचा नंबर अधिक साडेचार आहे. लहानपणापासून मेंदूला उजव्याकडून स्वच्छ आणि डाव्याकडून अंधुक चित्र मिळत गेले, त्यामुळे त्याने डाव्याची दखल घेणे हळूहळू कमी केले. याला आळशी डोळा म्हणतात. काचेने चित्र लगेच स्वच्छ होते. ते वाचायला मेंदू शिकतो, त्याला मात्र काही महिने लागतात.

शाळेतल्या तपासणीत हे सुटले, कारण दोन्ही डोळे उघडे असताना तिने तक्ता खालपर्यंत वाचला होता. पुढे परभणीच्या डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला, तेव्हा ती मान वाकडी करून झाकणाच्या कडेने पाहू लागली. नवा चष्मा चढवल्यावरही तो डोळा तक्त्याच्या चौथ्या ओळीखाली, म्हणजे ६/१८ च्या खाली, उतरेना. नंबर चुकलेला नाही, हे मला अजूनही लोकांना सांगावे लागते.

चष्म्याच्या जोडीला रोज दोन तास चांगला डोळा पट्टीने झाकायचा, असा उपचार आहे. घरी ते साधत नाही. “लेकराचा चांगला डोळा कशाला झाकता रे?” म्हणत आजी पट्टी काढते, आणि मुलगी तिच्या पदराआड जाते. म्हणून डॉक्टरांना विचारून आम्ही शाळेचे पहिले दोन तास ठरवले.

वर्गशिक्षिका बाईंना दिलेल्या पहिल्या चिठ्ठीत मी एवढेच लिहिले होते: “मुलीला चष्मा लागला आहे, कृपया पुढे बसवावे.” त्यांनी बसवलेही. पण त्यांच्या वर्गात बाकांची पाळी दर सोमवारी फिरते आणि चष्मेवाली मुले आणखीही आहेत, त्यामुळे यथावकाश ती मागे गेली. या पद्धतीत मला अन्याय दिसत नाही. माझे मूल मागच्या बाकावरचे निकोप मूल असते, तर मीच पाळीचा आग्रह धरला असता.

त्या आठवड्यातली तिची वही माझ्यासमोर आहे. फळ्यावरून उतरवलेल्या परिच्छेदात ‘चिंच’चे ‘चिच’, ‘मंदिर’चे ‘मदिर’ आणि ‘वर्ग’चे ‘वग’ झाले आहे. अक्षराचा सांगाडा तिला दिसत होता, त्याच्या डोक्यावरचा टिंब आणि रफार दिसत नव्हते. खाली लाल शाईत शेरा होता: “लेखनात लक्ष नाही.” मात्र त्याच पानाचा उत्तरार्ध बिनचूक होता, आणि त्याचे मला अधिक आश्चर्य वाटले. तिला विचारले, तर तिने कंपासपेटी उघडून दाखवली. झाकणाला आतून पट्टी चिकटवलेली होती. “पट्टी काढली की दिसतं, पप्पा.” शेवटच्या बाकावर तिला फळा किंवा उपचार यांपैकी एकच मिळत होते आणि शेरा टाळण्यासाठी तिने फळा निवडला होता. मी रागावलो नाही, पण तिच्याशी काय बोलावे तेही मला सुचले नाही.

त्या रात्री दुसरे पत्र लिहिले. त्यातला मुख्य भाग असा:

“आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. चष्म्यासह मुलीच्या डाव्या डोळ्याची नजर ६/१८ आहे, म्हणजे निकोप डोळा जे अठरा मीटरवरून वाचतो, ते तिला सहा मीटरवरून वाचता येते. त्यामुळे पट्टी असताना ती फळ्यापासून दोन मीटरवर बसली, तर सहा मीटरवर, म्हणजे शेवटच्या बाकावर, बसलेल्या निकोप मुलाइतकेच तिला दिसेल. जागा शक्यतो मधली असावी, कारण कडेच्या बाकावरून खिडकीचा उजेड फळ्यावर चमकतो. पट्टी काढलेली दिसल्यास वर्गासमोर न बोलता खुणेने सांगावे. ही विनंती पुढील तपासणीपर्यंतच आहे. त्यानंतरची नजर लेखी कळवीन.”

हे गणित पाहिल्यावर ‘हट्ट’ आणि ‘सवलत’ हे शब्द वापरू नयेत, एवढी माझी अपेक्षा आहे. पहिल्या बाकावर तिला इतरांपेक्षा जास्त काही मिळत नाही. उलट तिथे बसून ती जेमतेम शेवटच्या बाकाच्या बरोबरीला येते.

तरीही पहिली चिठ्ठी लिहिणारा मी या दुसऱ्या पत्रावर अजून नाराज आहे. त्याचे म्हणणे होते की पट्टीचा बोभाटा नको, मुलीला ‘एका डोळ्याची’ म्हणतील. म्हणालेही, दोघे-तिघे. त्यावर मी त्याला वह्या दाखवतो आणि तो मला तिचा शाळेत निघतानाचा चेहरा दाखवतो. बाईंनी तिला मधल्या बाकावर कायम केले आहे. त्यासाठी ज्या मुलाची पाळी गेली, त्याच्या वडिलांनी परवा बसस्टँडवर मला वर दिलेला प्रश्नच विचारला. एसटी लागलेली होती आणि एवढे सगळे सांगायला वेळ नव्हता, म्हणून हे लिहिले.