गव्याच्या पिल्लाला काय म्हणावे?

प्राथमिक शाळेच्या मराठी व्याकरणात प्राण्यांची पिल्ले आणि समूहदर्शक शब्द यांची पाने हमखास असतात, आणि आमच्या गोव्यातल्या मराठी शाळांतही मुले ती एका सुरात म्हणतात: गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोड्याचे शिंगरू, सिंहाचा छावा, वाघाचा बछडा. घोकताना सहसा लक्षात येत नाही, पण ही यादी मध्येच आपले लिंग बदलते. गोठ्यातली आणि अंगणातली पिल्ले सगळी नपुंसकलिंगी आहेत; रानात शिरल्याबरोबर मात्र छावा आणि बछडा पुल्लिंगी होतात. त्यातही बछड्याची गंमत अशी की हिंदीत हा शब्द गाईच्या वासरासाठी आहे. संस्कृतातल्या ‘वत्सा’पासून तो आला आणि मराठीत येऊन वाघाच्या पोटी जन्मला. आपले ‘वासरू’ही त्याच वत्साचे, ‘वत्सरूप’ या शब्दापासून झालेले. ‘पाखरू’मधला शेवटचा ‘रू’ही असाच रूपाचा उरलेला तुकडा आहे.

वासरू नपुंसकलिंगी का, हे गोठ्यात उभे राहिले की फारसे समजवावे लागत नाही. ते दूध पीत असते तोवर त्याचा नर की मादी हा प्रश्न घरच्या माणसांच्या मनात असला, तरी रोजच्या कामात त्याने काही बदलत नाही. त्याला बांधायचे, दुधाच्या वेळी आईपाशी सोडायचे आणि पान्हा फुटला की बाजूला करायचे, एवढेच. माणसांच्या बाबतीतही आपण तेच करतो. मूल, लेकरू, पोर हे तिन्ही शब्द नपुंसकलिंगी आहेत. कोकणी याच्याही पुढे जाते: गोव्यात मुलीला ‘चेडूं’ म्हणतात, आणि ती चांगली मोठी झाल्यावरही तिच्याविषयी बोलताना ‘तें आयलें’ असेच म्हटले जाते. बाहेरून आलेल्या मराठी माणसाच्या कानाला हे खटकते, पण ज्याच्या भाषेत पोर ‘ते’ असते त्याने खटकून घेण्याचे फारसे कारण नाही.

वासरू दूध तोडते आणि शब्दाला फाटे फुटतात. मादी असेल तर ती कालवड होते आणि पहिल्यांदा विईपर्यंत कालवडच राहते. नर असेल तर त्याचा गोऱ्हा होतो. पुढे खच्ची करून कामाला लावला की बैल, आणि पैदाशीसाठी तसाच राखला तर वळू. म्हणजे इथून पुढचे प्रत्येक नाव जनावराच्या वयाइतकेच त्याच्याकडून काय करून घ्यायचे आहे हे सांगते. खरेदीविक्रीच्या वेळी तर तेवढ्याने भागत नाही, आणि मग नाव थेट दातांवरून पडते. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या शेजारच्या काकांनी एकदा गोऱ्ह्याची हनुवटी डाव्या हातात धरून, अंगठ्याने खालचा ओठ मुडपून मला ते दाखवले होते. वरच्या जबड्याला पुढचे दात नसतातच, तिथे नुसती कठीण हिरडी असते. खाली मात्र आठ दात, आणि त्यांतले मधले दोन बाकीच्यांपेक्षा ठळकपणे रुंद. ‘दोन दांत आयल्यात,’ एवढेच ते म्हणाले, आणि माझ्या दृष्टीने तो प्राणी तेव्हापासून दोन वर्षांचा झाला.

हिशेब असा की दुधाचे दात मधून बाहेरच्या दिशेने, जोडीजोडीने पडतात. एकही पडलेला नाही तोवर जनावर आदत. पहिली जोडी साधारण दोन वर्षांच्या सुमारास आली की दुसा. दुसरी जोडी आली की चौसा. मग सहा दाती, आणि चौथी जोडी चारेक वर्षांनंतर पूर्ण झाली की जुळलेला. या हिशेबात जात आणि खुराक यांप्रमाणे काही महिन्यांचा फरक पडतो, आणि जुळल्यानंतर तर मोजायला काहीच उरत नाही. त्यापुढचे वय दातांच्या झिजेवरून ठरवावे लागते, आणि झीज चाऱ्यावर अवलंबून असल्यामुळे तिथे विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा अंदाज क्वचितच जुळतो.

इतर जनावरांच्या वाट्याला इतकी नावे येत नाहीत, पण येतात. रेडकू वाढले की वगार किंवा टोणगा होते. करडाची मादी न व्यालेली असेपर्यंत पाठ असते. अंड्यावर येऊ घातलेली कोंबडी तलंग. शिंगरू मात्र बिचारे तिथेच अडते, आणि ते घोड्याचे की गाढवाचे हेही शब्द सांगत नाही. इंग्रजीत नेमके उलट आहे: तिथे वर्षाच्या आतले ते फोल, त्यानंतर साधारण चार वर्षांपर्यंत नर असेल तर कोल्ट आणि मादी असेल तर फिली. ज्यांच्याकडे घोडे जुंपत आणि शर्यतीत पळवत, त्यांनी घोड्याची वये मोजली. आम्ही बैलाची मोजली.

समूहाच्या शब्दांत इंग्रजीचा तोरा अधिक वाटतो. सिंहांचा ‘प्राइड’, कावळ्यांचा चक्क ‘मर्डर’! परंतु या शब्दांचा मोठा भाग 1486 साली सेंट ऑल्बन्स येथे छापलेल्या, शिकार आणि ससाणे पाळण्याच्या विद्येवरील एका ग्रंथातल्या यादीतून आला आहे. शिकारीला जाणाऱ्या खानदानी मंडळींना ठाऊक असावेत असे हे शब्द होते, आणि त्यांतले बरेचसे कोणी बोलत असेल यापेक्षा कोणाला तरी सुचले असावेत असे वाटते. आपल्याकडे प्राण्यांसाठी कळप, थवा, तांडा, टोळी यांवर बहुतेक काम निभते. हत्तींचाही कळप आणि मेंढ्यांचाही कळप. मराठीची खरी श्रीमंती बांधलेल्या आणि रचलेल्या वस्तूंत आहे: कोथिंबिरीची जुडी, लाकडांची मोळी, गवताची पेंढी, भाकऱ्यांची चवड, पोत्यांची थप्पी, पिकत घातलेल्या मानकुरादांची अढी. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही, कारण जुडी मुठीत मावते, मोळी डोक्यावर घ्यावी लागते आणि अढीला तर हातच लावायचा नसतो.

या सगळ्यात गोव्याच्या राज्यप्राण्याची अडचण होते. गव्यांच्या समूहाला वर्तमानपत्रे ‘कळप’ म्हणतात, ते ठीक. माद्या आणि पिल्ले कळपाने राहतात, आणि वयात आलेला मोठा नर बराच काळ वेगळा फिरतो, त्याच्यासाठी ‘एकांडा’ हा सुरेख शब्द आपल्याकडे तयारच आहे. पण पिल्लाला काय म्हणावे? बोलताना लोक ‘गवा रेडा’ म्हणतात, त्या न्यायाने ते रेडकू ठरते. प्राणिशास्त्राप्रमाणे मात्र गवा म्हशीचा नव्हे, गाईच्या प्रजातीतला आहे, म्हणून ते वासरू. बातम्यांत दोन्ही टाळून ‘पिल्लू’ लिहून मोकळे होता येते. माझे मत वासराच्या बाजूने आहे, आणि ते केवळ शास्त्राच्या भरवशावर नाही. गव्याचे पिल्लू काळे जन्मत नाही. ते फिकट सोनेरी, तांबूस अंगाचे असते आणि वयाबरोबर गडद होत जाते. रस्त्याकडेच्या झाडीतून असे पिल्लू क्षणभर दिसले, तर आमच्याकडचा कोणीही माणूस पुस्तक न उघडता त्याला वासरूच म्हणेल.