ब्रेडला जॉब कार्ड आणि कपाटाला सरासरी

नागपुरात वडिलांची बेकरी हिंगणा रोडला, मुलाचा फर्निचरचा कारखाना लकडगंजात, आणि दोन्हींचा हिशेब एकाच माणसाकडे. बेकरीत नफा दिसत होता, पण महिन्यागणिक आटत चाललेला. कारखाना तर तोट्यातच होता, आणि तो बंद करावा का हे ठरवायला मला बोलावलं होतं. कॉस्ट अकाउंटंटला लोक एरवी बँकेचं कर्ज अडल्याशिवाय बोलावत नाहीत, म्हणून उत्सुकतेनं गेलो. दोन्हीकडचे कागद समोर आले आणि पहिल्या तासातच दिसलं की ज्या धंद्याला जी पद्धत लागते ती नेमकी दुसऱ्या धंद्यात चालू आहे.

आधी बेकरी. तिथला मॅनेजर मेहनती होता आणि त्यानं प्रत्येक ग्राहकाच्या ऑर्डरचं वेगळं कार्ड ठेवलं होतं. कॅन्टीनचे १२० ब्रेड एका कार्डावर, वितरकाचे ६०० दुसऱ्यावर, काउंटरचा माल तिसऱ्यावर. दिसायला हे काम फार शिस्तीचं. पण हे सगळे ब्रेड एकाच कणकेतून निघतात. मिक्सरमध्ये पडलेल्या मैद्यातला कोणता किलो कॅन्टीनचा आणि कोणता वितरकाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मॅनेजर अंदाजानं वाटणी करायचा आणि उरलेला मैदा, डिझेल, मजुरी काउंटरच्या कार्डावर टाकायचा. त्यामुळे दिवसाची बेरीज रोज जुळायची, आणि बेरीज जुळते म्हटल्यावर शंका कोण घेणार?

जिथे प्रत्येक नग दुसऱ्यासारखाच आहे आणि तो सलग प्रक्रियेतून जातो, तिथे ऑर्डरला किंमत लावून काही कळत नाही. किंमत प्रक्रियेला लावायची, यालाच प्रोसेस कॉस्टिंग म्हणतात. कणीक, भट्टी, पॅकिंग अशा टप्प्यांवर खर्च गोळा करायचा आणि त्या टप्प्यातून चांगला माल किती निघायला हवा होता त्या आकड्यानं भागायचा. ‘निघायला हवा होता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रोसेस कॉस्टिंगची खरी ताकद भागाकारात नाही, ती नेहमीची घट आणि जादा घट वेगळी काढण्यात आहे.

त्या दिवसाचाच हिशेब केला. मैदा ४०० किलो, साखर, मीठ, यीस्ट आणि फॅट मिळून ४० किलो, पाणी २४० लिटर. म्हणजे कणीक ६८० किलो. यंत्राला चिकटणं, सांडणं, आंबताना होणारी घट यासाठी २ टक्के सोडले. ४०० ग्रॅमच्या ब्रेडला ४५० ग्रॅमचा गोळा लागतो, कारण भाजताना आणि निवताना साधारण ५० ग्रॅम वजन उडतं. या मापानं १,४८० गोळे निघायला हवेत. त्यातले ४० वाकडे, करपलेले किंवा स्लायसरमध्ये फाटलेले धरले, तर चांगले ब्रेड १,४४०. पॅकिंगपर्यंतचा खर्च २६,१२० रुपये होता. ४० खराब ब्रेडचे चुऱ्यासाठी ५ रुपयांप्रमाणे २०० रुपये येतात, ते वजा केले. राहिले २५,९२० रुपये, म्हणजे एका ब्रेडला बरोबर १८ रुपये.

प्रत्यक्षात चांगले ब्रेड १,३८० मोजले. खर्चाला १,३८० नं भागलं तर ब्रेड पावणेएकोणीस रुपयांच्या वर जातो, आणि मालक म्हणतो की मैदा महागला. १,४४० नं भागलं तर ब्रेड १८ रुपयांवरच राहतो आणि ६० ब्रेडची जादा घट, म्हणजे १,०८० रुपये, वेगळ्या ओळीवर उघडी पडते. महिन्याचे २६ दिवस धरले तर ती २८,००० रुपयांच्या वर जाते. दोन्ही भागाकार करायला सारखेच सोपे, पण पहिल्यात चोर घरातच लपून राहतो.

घट कुठली हे शोधायला फार वेळ लागला नाही. खराब ब्रेड ३८ च होते, म्हणजे भट्टी आणि स्लायसर निर्दोष. गोळेच १,४१८ निघाले होते. कणकेचे गोळे कापणाऱ्या डिव्हायडरजवळ काटा ठेवून गोळे तोलले, तर सरासरी ४७० ग्रॅम आली. हा डिव्हायडर वजन करत नाही, तो आकारमान कापतो. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर पारा ४४ च्या पुढे असताना, त्याच्या हॉपरमध्ये भरलेली कणीक झपाट्यानं फुगते. तिच्यात हवा वाढते आणि त्याच आकारमानाचा गोळा हलका निघतो. पाकिटावर ४०० ग्रॅम छापलेलं, कमी भरलं तर वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याची भीती. म्हणून कारागीर चाक फिरवून गोळा मोठा करायचा. पुढचा ताजा, दाट घाणा आला की चाक मागे घ्यायला हवं, ते राहून जायचं. माझ्या मते दोष कारागिराचा नव्हता. त्याला काटाच दिलेला नव्हता.

उपाय साधे निघाले. पाण्यात बर्फ टाकून कणीक थंड ठेवायची, घाणे लहान करायचे म्हणजे हॉपरमध्ये कणीक फार वेळ थांबत नाही, आणि दर दहा मिनिटांनी पाच गोळे तोलून पाटीवर लिहायचे.

बेकरीत अर्धवट मालाचा प्रश्न फारसा येत नाही, कारण कणीक रात्रभर ठेवता येत नाही. अपवाद टोस्टचा. त्याचा पाव आज भाजतात, उद्या कापतात आणि मग दुसऱ्यांदा भाजतात. महिनाअखेरीला टोस्टचे २०० पाव रॅकवर असतील, तर मालाच्या बाबतीत ते पूर्ण २०० नग. मजुरी आणि इंधन मात्र निम्मंच लागलेलं, म्हणून त्या खर्चासाठी ते १०० नग धरायचे. हे केलं नाही तर एका महिन्याचा टोस्ट महाग आणि पुढच्याचा स्वस्त दिसतो.

आता मुलाचा कारखाना. तिथे उलटा प्रकार होता. महिन्याचा प्लाय, सनमायका, कब्जे, मजुरी, भाडं, सगळं एकत्र करायचं आणि कपाटांच्या दर्शनी चौरस फुटांनी भागायचं. ५,६०,००० भागिले ४०० फूट, म्हणजे १,४०० रुपये फूट. त्यावर १५ टक्के चढवून १,६१० चा भाव, पुढच्या सगळ्या कामांना सारखा. हे प्रोसेस कॉस्टिंगच झालं, फक्त माल एकसारखा नसताना केलेलं.

महिन्यातली दोन कपाटं निवडली, दोन्ही ७ बाय ६ फूट, म्हणजे ४२ चौरस फूट. दोन्हींचा भाव ६७,६२० रुपये. पहिलं साधं, मायका लावलेलं, आत नुसते कप्पे. माल ३१,००० चा, मिस्त्रींचे ६० तास. दुसऱ्यात सहा ड्रॉवर, सॉफ्ट-क्लोज चॅनल, बाहेरून व्हेनियर आणि पीयू पॉलिश. माल ५४,००० चा, तास १३०. तासाला मजुरी ११० आणि भाडं, वीज अशा वरखर्चाचं ओव्हरहेड ९० धरलं तर पहिलं पडतं ४३,००० ला आणि दुसरं ८०,००० ला. म्हणजे साध्या कपाटावर साडेचोवीस हजारांच्या वर नफा आणि ड्रॉवरवाल्यावर बारा हजारांच्या वर तोटा.

याचा परिणाम पुढच्या ऑर्डरींवर होतो. साधं कपाट हवं असणाऱ्याला हा भाव महाग वाटतो आणि तो दुसरीकडे जातो. ड्रॉवरवाल्याला तो स्वस्त पडतो, तो स्वतः येतो आणि शेजाऱ्यालाही पाठवतो. सरासरीनं कारखाना हळूहळू तोट्याच्याच कामांनी भरला होता. मुलगा म्हणाला, ‘‘भाऊ, काम तर भरपूर आहे, पैसाच दिसत नाही.’’ मिस्त्री उत्तम, मुलगा कष्टाळू, आणि तरीही कारखान्याला टाळं लागण्याची वेळ आली होती. आमच्या व्यवसायातले पुष्कळ जण विवरणपत्र भरलं की काम संपलं असं मानतात, त्यांच्या टेबलावर अशा कारखान्यांचा बळी जातो.

इथे प्रत्येक कामाचं वेगळं जॉब कार्ड हवं. ॲडव्हान्स आला की नंबर पडतो, आणि त्या नंबराशिवाय स्टोअरमधून प्लायची शीट निघत नाही. उरलेला मोठा कटपीस परत आला की त्याची चिठ्ठी, आणि तेवढी रक्कम कार्डावरून वजा. हे विसरलं की पहिल्या कामावर पूर्ण शीट चढते आणि पुढचं काम फुकट मालावर होतं. स्क्रू, फेविकॉल, पॉलिश पेपर कार्डावर मोजत बसू नये, ते ओव्हरहेडमध्ये. दुरुस्तीला मात्र विचारपूर्वक जागा द्यावी. ग्राहकानं मध्येच हँडल बदलायला लावलं तर ते त्याच्या कार्डावर. पावसाळ्यात पॉलिश पांढरं पडून पुन्हा करावं लागलं, तर तो कारखान्याचा खर्च.

ओव्हरहेडचा ९० चा दर कसा आला हेही सांगतो, कारण इथे सगळे घसरतात. पाच मिस्त्री, २६ दिवस, आठ तास, म्हणजे १,०४० तासांचा पगार जातो. कामावर लिहिलेले तास ८०० च. उरलेले २४० तास साइट बघणं, पात्यांना धार लावणं, माल उतरवणं यात जातात, त्यांची मजुरी २६,४००. भाडं, वीज, सुपरवायझर वगैरे ४५,६००. एकूण ७२,००० भागिले ८०० तास. १,०४० नं भागणारे लोक दर महिन्याला त्या २४० तासांवर पडणारं ओव्हरहेड स्वतःच्या खिशातून भरतात. पितृपक्षात कामं थंडावून तास ५०० वर आले तर ओव्हरहेडचे २७,००० आणि आणखी रिकाम्या गेलेल्या ३०० तासांच्या मजुरीचे ३३,०००, असे ६०,००० रुपये कोणत्याच कार्डावर बसणार नाहीत. ते थेट नफा-तोट्यात दाखवावेत. त्या महिन्याच्या दोन-चार ग्राहकांवर लादू नयेत.

बेकरीतला लग्नाचा तीन मजली केक जॉब कार्डावरच जायला हवा, आणि कारखान्याला शाळेचे ४० सारखे बाक मिळाले तर एक कार्ड करून ४० नं भागायचं. पाटीवर बेकरी लिहिलं आहे की फर्निचर, त्यावरून पद्धत ठरत नाही. एक नग दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो का, आणि त्याचा खर्च वेगळा पडतो का, हे बघायचं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. कारखान्यातले सागाचे तुकडे बेकरीत टोस्ट भाजायच्या, लाकडावर चालणाऱ्या भट्टीत जातात, महिन्याला साधारण ६०० किलो. प्लायचे तुकडे त्यात जाऊ नयेत, त्यात डिंकातलं रसायन असतं, हे बजावलं. पण सागाच्या तुकड्यांची किंमत? वडील म्हणाले, ‘‘घरचंच लाकूड हाय, त्याचे कायचे पैसे?’’ जळणाच्या भावानं, ८ रुपये किलोनं, ते ४,८०० होतात. ते टोस्टच्या खर्चात चढायला हवेत आणि कारखान्याच्या ओव्हरहेडमधून उतरायला हवेत, म्हणजे ९० चा दर ८४ होतो. मात्र तुकडे निघतात सागाच्या कामातून आणि फायदा मिळतो प्लायच्या कपाटालाही. हे पैसे सागाच्या कार्डांवरच वजा करावेत असं मला वाटतं. पण त्यासाठी प्रत्येक कामाचे तुकडे वेगळे तोलावे लागतील, आणि ४,८०० रुपयांसाठी मिस्त्रीला तेवढा वेळ घालवायला लावावं का, याचं उत्तर पुढच्या महिन्याच्या कार्डांवरून ठरवणार आहे.