माझा अनुभव: टेलरच्या दुकानाला दिलेलं वेबसाइटचं प्रपोजल

दुकान बेळगावातल्या शहापूरचं, लेडीज टेलरिंगचं. मास्तर स्वतः कटिंगला, दोन कारागीर मशीनवर, फॉल-पिकोचं काम बाहेर. गिऱ्हाईक मराठीही आणि कन्नडही. मागणी एवढीच: केलेली कामं दिसावीत, दर कळावेत, पत्ता सापडावा. अशा कामाला वीस पानांचं प्रपोजल कोणी वाचत नाही. मी दोन पानांचं, मराठीत दिलं: पहिल्या पानावर काम आणि तारखा, दुसऱ्यावर पैसे आणि अटी.

सुरुवात केली ती 'तुम्ही काय द्यायचं' इथून. मास्तरांना हे समजावून सांगावं लागत नाही, त्यांच्या धंद्यातही कापड गिऱ्हाइकाचं आणि शिलाई दुकानाची असते. म्हणून लिहिलं: दुकानाच्या बोर्डावर आहे तसंच नाव दोन्ही भाषांत, दरपत्रक, दुकानाच्या वेळा, व्हॉट्सॲपचा नंबर आणि याच दुकानात शिवलेल्या तीस कपड्यांचे फोटो. 'याच दुकानात' हे शब्द मुद्दाम घातले. काउंटरवर दाखवायला इंटरनेटवरून उतरवलेले ब्लाउजचे फोटो प्रत्येक टेलरकडे असतात. ते साइटवर गेले तर फोटो दुसऱ्याचा, आणि गिऱ्हाईक मागणार हुबेहूब तसंच. शिवाय नवरीचा चेहरा दिसत असेल तर तिची परवानगी हवी. नाहीतर फोटो गळ्यापासून खाली कापायचा.

फोटो कसे काढायचे हेही दोन ओळींत दिलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जरीचा रंग बदलतो आणि मागे कपड्यांचा ढीग दिसतो. सकाळी दाराजवळ, साधी चादर मागे टांगून, डमीवर घातलेला ब्लाउज पुढून आणि पाठीमागून असा दोनदा काढायचा. मागचा गळा दिसला नाही तर लेडीज टेलरचा फोटो अर्धा वाया गेला. फोन देतो तो फोटो तीन-चार एमबीचा असतो. मी तो १२०० पिक्सेल रुंदीवर आणून दीडशे केबीच्या आसपास करतो, नाहीतर खानापूरकडच्या खेड्यात नेट कमी असताना पान उघडेपर्यंत माणूस परत जातो.

दरपत्रकाचं काम दिसतं त्याहून मोठं. ते छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये केलेलं असतं, मराठी श्रीलिपीत आणि कन्नड नुडीत. त्या फाइलमधला मजकूर उचलून साइटवर टाकला की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा काला दिसतो, कारण ती अक्षरं युनिकोडमध्ये नसतात. सगळं नव्याने टाइप करावं लागतं, आणि कन्नड मजकूर कन्नड वाचणाऱ्याकडून तपासून घ्यावा लागतो. म्हणून 'दोन भाषांचा मजकूर' ही ओळ किमतीत वेगळी दाखवली. ती एकूण रकमेत लपवली की पुढे हमखास विचारणा होते, "कन्नड तर नुसतं टाइपच करायचं होतं ना?"

दर उघड दाखवायला मास्तर तयार नव्हते, शेजारचा टेलर दहा रुपये कमी करेल म्हणून. तोडगा 'पासून' असा निघाला: साधा ब्लाउज, अस्तराचा, कटोरी आणि प्रिन्सेस कट असे चार दर, प्रत्येकापुढे 'पासून', आणि खाली 'आरीकाम, पायपिंग, पॅड यांचे दर वेगळे'. गिऱ्हाइकाला अंदाज येतो, मास्तरांचे हात मोकळे राहतात.

'यात काय नाही' हा प्रपोजलमधला सगळ्यात उपयोगी परिच्छेद. ऑनलाइन पैसे भरणं नाही, ऑर्डर कुठपर्यंत आली ते दाखवणं नाही आणि ऑनलाइन मापं घेणं नाही. मापांचा फॉर्म मास्तरांना हवा होता. पण घरी घेतलेलं छातीचं माप एक इंच चुकलं, तर बिघडलेल्या ब्लाउजचा दोष टेलरच्याच माथी येतो. त्याऐवजी पानावर 'मापाचा ब्लाउज सोबत आणा' अशी ओळ आणि खाली व्हॉट्सॲपचं बटण ठेवलं:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Blouse
```

इथे नंबराआधी ९१ लागतो, पण अधिकचं चिन्ह किंवा शून्य चालत नाही. शून्य राहिलं की 'नंबर चुकीचा' असं येतं. नंबरही दुकानात राहणाऱ्या फोनचा द्यायचा, मुलासोबत कॉलेजला जाणाऱ्या फोनचा नव्हे.

गावाच्या नावाचंही एक काम असतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झालं, तरी शोधताना लोक Belgaum आणि Belagavi दोन्ही टाइप करतात. पत्त्यात नवं नाव आणि पानाच्या वर्णनात दोन्ही, असं लिहून दिलं. गूगल मॅपवरची नोंद पडताळताना बहुतेक वेळा दुकानाचा व्हिडिओ मागतात. त्यात बोर्डावरचं नाव आणि नोंदीतलं नाव जुळलं नाही तर नोंद अडकते.

वेळापत्रकात कॅलेंडरची तारीख टाकली नाही. 'आगाऊ रक्कम आणि सगळं साहित्य हातात आलं तो दिवस शून्य' असं धरलं. पाचव्या दिवसापर्यंत टायपिंग आणि कन्नड तपासणी. बाराव्या दिवशी पहिलं रूप मास्तरांच्याच फोनवर, कारण लॅपटॉपवर छान दिसणारी साइट त्यांचं एकही गिऱ्हाईक लॅपटॉपवर बघणार नाही. त्यानंतर दुरुस्त्या दोन वेळा, एकत्र लिहून द्यायच्या. विसाव्या दिवशी साइट सुरू. रविवार धरलेले नाहीत. साहित्य उशिरा आलं तर तारीख तेवढीच पुढे जाईल, दंड नाही, पण दीड महिना उलटला तर दर नव्याने ठरेल.

हे काम गणपतीच्या आधी संपवायचं किंवा दिवाळीनंतर सुरू करायचं. मधल्या काळात मास्तरांना जेवायला सवड नसते, ते फोटो कुठून देणार? लगीनसराईतही तेच. साइटच्या माथ्यावर एका ओळीची पट्टी ठेवली, 'दिवाळीच्या ऑर्डर अमुक तारखेपर्यंत', कारण सीझनमध्ये निम्मे फोन तेवढंच विचारायला येतात. पट्टी बदलायची तर मास्तरांनी व्हॉट्सॲपवर ओळ पाठवायची, बदल मी करायचा.

किंमत अशी मांडली: चार पानं आणि मांडणी ६,५०० रुपये, दोन भाषांचा मजकूर २,५००, कमी पडतील ते फोटो दुकानात येऊन काढणं आणि सगळे तयार करणं २,०००, मॅपवरची नोंद १,०००. एकूण १२,०००. डोमेनचे पैसे यात नाहीत. ते मास्तरांनी स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डाने भरायचे. डोमेन साइट बनवणाऱ्याच्या नावावर राहिलं की पुढे भांडण झालं तर दुकानाचं नावच अडकतं. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर दुसऱ्या वर्षी वाढतो, हेही लिहून ठेवलं. दुसऱ्या वर्षापासून देखभाल वर्षाला २,४००, त्यात पट्टीचे बदल आणि दोनदा दरांतला बदल. नवी पानं त्यात नाहीत.

"दहात बसवा की," मास्तर म्हणाले. तेच काम ठेवून नुसता आकडा खाली आणला तर आधीचा आकडा फुगवलेला होता असा अर्थ निघतो. म्हणून काम कमी केलं: सगळे फोटो त्यांचा भाचा काढणार, आकार मी लहान करून घेणार, आणि २,००० ची ती ओळ खोडली. हप्ते झाले ४,००० सुरुवातीला, ४,००० पहिलं रूप दाखवल्यावर, २,००० साइट सुरू झाल्यावर. खोडलेल्या ओळीवर दोघांच्या सह्या घेतल्या आणि एक प्रत मास्तरांनी मापाच्या वहीत ठेवली.