आभाराची वही: ट्रान्सफॉर्मरच्या बैठकीनंतर

आपल्या बडोद्यातल्या मराठी विद्युत अभियंत्यांची मासिक बैठक या वेळी दांडिया बाजारातल्या एका छोट्या सभागृहात झाली. विषय होता ट्रान्सफॉर्मरच्या तेलातल्या वायूंची तपासणी, आणि आभार माझ्याकडे होते. सध्या माझा सराव एकाच गोष्टीवर चालू आहे: आभार ऐकताना वक्त्याला कळलं पाहिजे की आपलं बोलणं नेमकं कुठे पोचलं, आणि श्रोत्याला पुढच्या बैठकीला यायचं कारण मिळालं पाहिजे.

त्यासाठी मी घरून फक्त नावं लिहून नेतो. संपूर्ण नाव, हुद्दा आणि उच्चार हे वक्त्यालाच विचारून घेतो. बाकीचा कागद कोरा असतो. भाषण चालू असताना त्यावर दोनच गोष्टी टिपतो: श्रोत्यांनी वही उघडून काय लिहून घेतलं, आणि कुठल्या प्रश्नावर वक्ते थांबून विचार करू लागले. सारांश लिहीत बसलो तर या दोन्ही जागा हातून निसटतात.

या वेळी दोन्ही जागा एकाच मुद्द्यावर सापडल्या. वक्त्यांनी सांगितलं की तेलात ॲसिटिलीन दिसलं तर आत आर्किंग होत असल्याची शंका घ्यावी, कारण हा वायू फार चढ्या तापमानालाच तयार होतो. लगेच मागच्या रांगेतल्या एका तरुण अभियंत्याने विचारलं, "सर, टॅप चेंजरच्या कप्प्यातलं तेल मुख्य टाकीत झिरपत असेल तर?" टॅप बदलताना तिथे ठिणगी पडणारच, म्हणजे मुख्य टाकी ठणठणीत असूनही अहवालात ॲसिटिलीन येऊ शकतं. वक्ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, अशा वेळी ॲसिटिलीन हायड्रोजनच्या दोन-तीन पटींहून जास्त आहे का ते बघा. तसं असेल तर आधी गळतीचा संशय घ्या. पेनं एकदम चालू लागली ती इथे.

आभार मी असे मानले (नावं इथे गाळली आहेत): "सर, आज आमच्यातले बरेच जण उद्या सकाळी जुने अहवाल पुन्हा काढून बसणार आहेत. ॲसिटिलीन दिसलं की टाकी उघडायची घाई करायची नाही, आधी हायड्रोजनशी त्याचं प्रमाण बघायचं, हे तुम्ही शिकवलंत. आणि ते तुमच्याकडून काढून घेतलं मागच्या रांगेतल्या आमच्या मित्राने. त्यांचेही आभार. त्यांच्याकडे असाच एक अहवाल आहे, तो ते पुढच्या बैठकीत घेऊन येतील."

शेवटचं वाक्य मी मनाने घातलेलं नाही. प्रश्नोत्तरं संपता संपता त्या मुलाजवळ जाऊन हळूच विचारलं होतं, "अहवाल आणाल का? नावगाव झाकून चालेल." त्याने होकार दिला, मगच बोललो. ही परवानगी फार महत्त्वाची वाटते. न विचारता चारचौघांत काम अंगावर टाकलं की माणूस हसून मान डोलावतो आणि पुढच्या वेळी फिरकत नाही.

"वेळात वेळ काढून", "आपल्या व्यस्त दिनक्रमातून" ही वाक्यं मी पूर्ण सोडली आहेत. ती कुठल्याही वक्त्याला चालतात, म्हणून समोरच्या वक्त्याला ती लागत नाहीत. भाषणाची उजळणीही करत नाही. आभाराच्या नावाखाली दुसरं भाषण सुरू झालं की खुर्च्या सरकू लागतात, आणि एकदा सुरू झालेली सरकासरक थांबत नाही. एक मुद्दा, एक प्रश्न, सभागृह उघडून देणारे काका, माइक सांभाळणारा मुलगा, आणि पुढची तारीख, एवढं तीन मिनिटांत बसतं. काकांचं नाव घेताना ते आत आहेत ना, हे पाहून घ्यावं. बाहेर चहाच्या गडबडीत असलेल्या माणसाचे आभार त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

तारीख मी शेवटी ठेवतो, पण एकटी नाही. "पुढचा दुसरा शनिवार" एवढंच म्हटलं तर कोणी लिहून घेत नाही. "पुढच्या दुसऱ्या शनिवारी तो अहवाल आपण सगळे मिळून वाचू" म्हटल्यावर मात्र फोन बाहेर निघाले.

परिणाम कसा ओळखायचा? टाळ्यांवरून काही कळत नाही, त्या सवयीने पडतात. मी चहाच्या वेळी वक्त्यांकडे बघतो. या वेळी ते चहा हातात घेऊन त्या मुलाशी टॅप चेंजरबद्दल बोलत उभे राहिले, आणि निघताना त्यांनीच विचारलं, "अहवाल वाचायला मी आलो तर चालेल ना?"

एक अडचण अजून सुटलेली नाही. दोन वक्ते असले आणि एकाच्याच भाषणावर प्रश्न आले, तर दुसऱ्यासाठी तितकंच नेमकं वाक्य सापडत नाही. पुढच्या बैठकीत दोन वक्ते आहेत. दुसऱ्याचं भाषण चालू असताना शेजारच्या श्रोत्याला एकच विचारणार आहे, "यातलं तुम्ही कामावर काय वापराल?" जे उत्तर येईल, ते त्यांच्या परवानगीने आभारात घालीन. तुमच्यापैकी कुणी वेगळी रीत वापरत असाल तर जरूर कळवा.