राजीनामा नव्हे, स्वेच्छानिवृत्तीची नोटीस : माझा अनुभव

कोकणातील एका तालुक्याच्या ठिकाणी, एकाच शासकीय कार्यालयात मी १९९४ पासून लिपिक म्हणून काम केले. वडील थकले, खाडीपलीकडच्या गावातील हापूसची कलमे पाहणारे घरात कोणी उरले नाही, आणि मोहोराच्या आधी आपण घरी असावे असे ठरवून मी २०२४ च्या जूनच्या सुरुवातीस नोकरी सोडण्याचा अर्ज लिहिला. मजकूर एका बैठकीत झाला; परंतु तो आहे तसा दाखल करून घेण्यास कार्यालयाने जो त्रास दिला, त्याचा राग अजूनही माझ्या मनात आहे.

आस्थापना शाखेत नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकासाठी एकच टंकलिखित नमुना ठेवलेला होता : ‘वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, तो मंजूर व्हावा.’ तेथील सहकारी वयाने लहान आणि स्वभावाने सज्जन. ‘काका, सगळे ह्याच नमुन्यावर सही करतात. तुम्हीही करा, म्हणजे नस्ती आजच वर पाठवतो,’ असे ते म्हणाले. मी नकार दिला. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ४६ प्रमाणे राजीनामा दिला की आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी गमावली जाते. नियम ६६ मात्र वीस वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी, सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होऊ देतो, आणि त्याचे निवृत्तिवेतन शाबूत राहते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्या माझ्यासारख्या माणसाचे अखेरचे मूळ वेतन समजा ६०,००० रुपये असेल, तर दरमहा ३०,००० रुपये निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई वाढ, एवढे सगळे त्या नमुन्यातील एका वाक्यावर अवलंबून होते.

नियमाचे पुस्तक मी त्यांच्यापुढे उघडून ठेवले. त्यांनी ते वाचले, साहेबांना विचारतो म्हणाले, आणि साहेब दौऱ्यावर असल्याने अर्ज टेबलावरच राहिला. आलेले टपाल नोंदवणाऱ्या बारनिशीत दिला, तर तेथे ‘आस्थापनेने सांगितल्याशिवाय आवक क्रमांक टाकता येणार नाही’ हे उत्तर मिळाले. आवक क्रमांक नाही, म्हणून पोच नाही. आणि पोच नाही, तर नोटीस कोणत्या दिवशी मिळाली याला पुरावा नाही. तीन महिने मोजले जातात ते याच तारखेपासून. जून असाच सरत होता आणि ज्या कार्यालयात इतरांच्या शेकडो अर्जांवर मी स्वतः शिक्के मारले, तेथे माझ्या अर्जाला शिक्का मिळत नव्हता, हे मला फार लागले.

शेवटी मी मूळ अर्ज विहित मार्गाने कार्यालयप्रमुखांच्या नावे आणि आगाऊ प्रत थेट नियुक्ती प्राधिकाऱ्यांच्या नावे, अशी दोन्ही पाकिटे पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पाठवली. गुलाबी पोचपावती सहीसह परत आली, त्यानंतर बारनिशीतही क्रमांक पडला. निवृत्तीची तारीख मी मुद्दाम ३० सप्टेंबर मध्यान्होत्तर अशी लिहिली होती, आणि हे सैल अंतर ठेवले म्हणूनच जूनमधील खोळंबा होऊनही पूर्ण तीन महिने भरले. नोटीस देणाऱ्याने तीन महिन्यांना अगदी चिकटून तारीख लिहू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

माझे पत्र चार वाक्यांचे होते. पहिल्यात नियुक्तीची तारीख आणि सेवेची वर्षे, दुसऱ्यात ‘नियम ६६ अन्वये स्वेच्छानिवृत्तीची ही तीन महिन्यांची नोटीस देत आहे’, तिसऱ्यात निवृत्तीची तारीख, चौथ्यात निवृत्तिवेतनाची प्रकरणे वेळेत पाठवण्याची विनंती. राजीनामा हा शब्द विषयाच्या ओळीतही ठेवला नाही. कारण लिहिले नाही. नियमाला त्याची गरज नाही.

हे सगळे करण्याआधी सेवापुस्तक पाहून घ्यावे, हे खरे तर आधी सांगायला हवे होते. विनावेतन असाधारण रजेचा काही काळ अर्हताकारी सेवेतून वगळला जाऊ शकतो. वीस वर्षांच्या जवळ असलेल्याने तो बेरजेतून वजा करून मगच नोटीस द्यावी. माझ्याकडे वर्षे भरपूर होती, तरी प्रत्येक वर्षाच्या सेवापडताळणीच्या नोंदीवर सही आहे का, हे मी पानापानाने तपासले.

नोटिशीची मुदत संपेपर्यंत नियुक्ती प्राधिकाऱ्याने परवानगी नाकारली नाही, तर त्या तारखेस निवृत्ती आपोआप अमलात येते, असे नियमातच आहे. माझ्याबाबत आदेश सप्टेंबरमध्ये निघाला, परंतु त्याच्या विषयात पुन्हा ‘राजीनामा मंजुरीबाबत’ असेच टंकलेले होते. मी त्याच दुपारी लेखी हरकत दिली, पोच मागून घेतली, आणि शुद्धिपत्रक हातात पडल्यावरच कार्यभार सोपवण्याच्या अहवालावर सही केली. माझे निवृत्तिवेतन प्रकरण मुंबईच्या महालेखापालांकडे गेले ते त्या शुद्धिपत्रकासह.