गेटच्या आत, गेटच्या बाहेर : आमची वाटचाल

आमचा व्यवसाय 2017 साली सुरू झाला तेव्हा आम्ही दोघे भागीदार मालवाहू गाड्यांना जीपीएस यंत्रे बसवून देत होतो आणि गाडी कुठे आहे हे नकाशावर दाखवत होतो. दोन वर्षांनंतर भिवंडीजवळच्या मानकोली परिसरातील एका वाहतूकदाराने आम्हाला बोलावून घेतले. त्यांच्या डेपोच्या गेटवर वॉचमन रजिस्टरमध्ये गाड्यांच्या वेळा लिहीत असे आणि हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे बिल लावताना त्या वेळांवरून दर महिन्याला वाद होत. ते म्हणाले, "नकाशा मला नको. गाडी आत आली की मला मेसेज यायला हवा, बाहेर गेली की दुसरा यायला हवा, आणि ती वेळ अशी हवी की समोरच्याला नाही म्हणता येऊ नये." आमच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया या एका मागणीत आहे, म्हणून ते काम कसे उभे राहिले ते येथे सविस्तर मांडत आहे.

सुरुवातीला आम्ही डेपोच्या मध्यबिंदूभोवती 200 मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले. गाडीतील यंत्र ठरावीक अंतराने आपले स्थान सर्व्हरला कळवते, त्या प्रत्येक नोंदीला पिंग म्हणतात. पिंग वर्तुळात पडला की गाडी आत, नाहीतर बाहेर, इतका सरळ हिशेब होता. डेपो मात्र लांबट होता आणि त्याच्या एका बाजूने सर्व्हिस रोड जात होता. वर्तुळात तो रस्ता पूर्ण आला आणि मागच्या बाजूचे दोन शेड मात्र बाहेर राहिले. परिणामी रस्त्याने नुसती जाणारी गाडी "आत आली" असे दिसे आणि मागच्या शेडला माल भरत असलेली गाडी "बाहेर गेली" असे दिसे. कंपाउंडच्या भिंतीप्रमाणे चालणारा बहुभुज म्हणजेच पॉलिगॉन आखणे हाच त्यावरचा उपाय होता.

पॉलिगॉन आखताना ज्या चुका होतात त्या वाकड्या रेषांपेक्षा जास्त करून आकड्यांच्या असतात. नकाशावरच्या आकृत्या साठवण्याच्या जिओजेसन या मांडणीत आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहायचा असतो, तर बोलताना आपण नेहमी अक्षांश आधी सांगतो. मानकोली साधारण 19.2 उत्तर आणि 73.0 पूर्व येथे आहे. हे दोन आकडे उलटे पडले की डेपो नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतो. ही चूक नकाशा उघडताच दिसते, त्यामुळे ती फारशी घातक नाही. दुसरी गोष्ट उपग्रह छायाचित्राची. ते प्रत्यक्ष जागेपासून काही मीटर सरकलेले असू शकते, म्हणून आम्ही केवळ चित्रावरून भिंत आखत नाही. आम्ही एक गाडी कंपाउंडच्या प्रत्येक कोपऱ्यात मोकळ्या आकाशाखाली दहा मिनिटे उभी करतो, तिच्या पिंगांची सरासरी काढतो आणि आखलेला कोपरा त्याच्याशी जुळतो का ते पाहतो.

इतके करून आम्ही अलर्ट सुरू केले आणि पहिल्याच आठवड्यात मालकांचा सकाळी सहाला फोन आला. रात्रभर उभ्या असलेल्या एका गाडीने सात वेळा बाहेर जाऊन सात वेळा आत येण्याचे मेसेज पाठवले होते. त्या रात्रीच्या नोंदी मी आजही जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या तीन अशा:

```
00:51  IGN=0  SAT=12  HDOP=0.8  IN
01:01  IGN=0  SAT=5   HDOP=3.9  OUT
01:11  IGN=0  SAT=11  HDOP=0.9  IN
```

इग्निशन बंद आहे, गाडी जागची हललेली नाही, आणि तरी मधला पिंग भिंतीच्या 38 मीटर बाहेर पडला आहे. गाडी पत्र्याच्या उंच शेडला खेटून उभी होती. अशा ठिकाणी काही उपग्रह यंत्राला दिसतच नाहीत आणि काहींचा संदेश पत्र्यावर आपटून, लांबचा रस्ता घेऊन पोहोचतो. यंत्राला ते अंतर खरे वाटते आणि स्थान सरकते. आम्ही आधी उपग्रह सहापेक्षा कमी किंवा HDOP 2.5 पेक्षा जास्त असलेले पिंग गाळून पाहिले. त्याने त्रास कमी झाला, पण थांबला नाही, कारण HDOP हा आकडा उपग्रह आकाशात कसे विखुरलेले आहेत एवढेच सांगतो. संदेश पत्र्यावरून परतून आला आहे का, हे त्यात कळत नाही. आकडा उत्तम आणि जागा चुकीची, असे पिंग आम्ही भरपूर पाहिले.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की आम्ही प्रत्येक पिंगला "तू आत की बाहेर" असे विचारत होतो, आणि विचारायला हवे होते ते गाडीबद्दल. गाडीची एक स्थिती असते आणि ती बदलायला पुरेसा पुरावा लागतो. म्हणून आम्ही प्रत्येक डेपोला दोन पॉलिगॉन दिले. आतला भिंतीपासून 15 मीटर आत आणि बाहेरचा भिंतीपासून 25 मीटर बाहेर. जी गाडी बाहेर आहे ती आतल्या पॉलिगॉनमध्ये सलग दोन पिंग दिसेपर्यंत बाहेरच मानली जाते, आणि जी आत आहे ती बाहेरच्या पॉलिगॉनच्याही पलीकडे सलग दोन पिंग दिसेपर्यंत आतच मानली जाते. दोन्हींमधल्या पट्ट्यात पडलेल्या पिंगाने काहीही बदलत नाही. रात्री एकाचा तो 38 मीटर सरकलेला पिंग बाहेरच्या रेषेच्या पलीकडे होता, तरी तो एकटा होता, त्यामुळे आजच्या नियमात त्याने मेसेज गेला नसता. डेटाबेसमधली तपासणी एवढीच आहे:

```sql
SELECT ST_Covers(d.inner_geom, p.pt) AS in_inner,
       ST_Covers(d.outer_geom, p.pt) AS in_outer
FROM depot d, ping p
WHERE d.id = 1 AND p.id = 48213;
```

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. बाहेरचा पॉलिगॉन आम्ही प्रथम `ST_Buffer(geom, 25)` असे लिहून काढला होता आणि त्यानंतर दोन दिवस डेपोतून एकही गाडी बाहेर गेल्याची नोंद झाली नाही. अक्षांश-रेखांशातल्या आकृतीसाठी त्या 25 चा अर्थ मीटर होत नाही, अंश होतो. देशातला बहुतेक भाग त्या कुंपणात आला होता. `ST_Buffer(geom::geography, 25)` असे लिहिले की अंतर मीटरमध्ये धरले जाते.

दोन पिंगांची अट घातल्यावर मालकांनी रास्त शंका काढली की मग मेसेज उशिरा येणार. तो उशिरा येतोच. आमची यंत्रे इग्निशन चालू असताना दर 30 सेकंदांनी पिंग देतात, त्यामुळे खात्री होईपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट सहज जाते. मात्र रजिस्टरमध्ये जाणारी वेळ आम्ही मेसेज निघाल्याची धरत नाही, सलग दोन पिंगांपैकी पहिल्याची धरतो. गेटमधून ताशी 10 किलोमीटरने आत येणारी गाडी 30 सेकंदांत सुमारे 83 मीटर पुढे जाते, तेव्हा नेमका गेट ओलांडल्याचा क्षण दोन पिंगांच्या मध्ये कुठेतरी असतो. आमच्या नोंदीत एवढी फट राहते आणि ती आम्ही ग्राहकाला लेखी सांगतो. हॉल्टिंगचा हिशेब तासांत असल्याने तिच्यामुळे वाद झालेला नाही.

वाद झाला तो वेगळ्याच कारणाने. एका गाडीची आत आल्याची वेळ 11:40 होती आणि चालक शपथेवर सांगत होता की तो सव्वानऊलाच पोहोचला होता. आम्ही पिंग उघडून पाहिले तर दोघेही बरोबर होते. गाडी 9:15 पासून सर्व्हिस रोडवर रांगेत उभी होती आणि गेट उघडले ते 11:40 ला. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये हा वेळ कधीच येत नसे, कारण त्याचे काम गेटपासून सुरू होते. तेव्हापासून आम्ही रांगेच्या जागेचा तिसरा पॉलिगॉन स्वतंत्र आखतो, आणि त्यात दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलेल्या गाडीची नोंद "रांगेत" अशी करतो. माझ्या मते आमच्या कामाचा सर्वांत मोठा उपयोग हाच झाला. चालकांचे बाहेर वाया जाणारे तास पहिल्यांदा कागदावर आले. या पॉलिगॉनमुळे बाहेरच्या पॉलिगॉनची रस्त्याकडची कड मात्र सरसकट 25 मीटर ठेवता येत नाही, ती हाताने रस्त्याच्या अलीकडे ओढून घ्यावी लागते. नाहीतर माल उतरवून निघालेली आणि समोरच्या टपरीवर चहाला थांबलेली गाडी अजून आतच दिसते.

उशिरा येणाऱ्या पिंगांनीही आम्हाला बरेच शिकवले. कसारा घाटात मोबाइलची रेंज जाते तेव्हा यंत्र पिंग स्वतःजवळ साठवते आणि नंतर पाठवते. काही यंत्रे रेंज आल्यावर ताजा पिंग आधी देतात आणि जुने सावकाश. नाशिकहून आलेली एक गाडी डेपोत शिरल्याचा मेसेज गेला, आणि पाठोपाठ घाटातले जुने पिंग पोहोचल्याने ती बाहेर गेल्याचाही गेला. आता आम्ही पिंगचा क्रम तो सर्व्हरवर केव्हा आला यावरून लावत नाही, यंत्राने नोंदवलेल्या वेळेवरून लावतो. शेवटच्या स्थितीपेक्षा जुना पिंग इतिहासात जमा होतो, पण चालू स्थितीला हात लावत नाही. रोज पहाटे तीनला मागच्या दोन दिवसांचे सगळे पिंग क्रमाने लावून नोंदी पुन्हा काढल्या जातात, आणि वेळ बदलली असल्यास दुरुस्ती जुन्या नोंदीच्या शेजारी दिसते. यंत्राची वेळ यूटीसीमध्ये असते. ती भारतीय वेळ समजून वाचली की सगळ्या नोंदी साडेपाच तास मागे पडतात, आणि हे ओळखण्याची खूण म्हणजे सकाळी नऊला उघडणाऱ्या डेपोत पहाटे साडेतीनपासून गाड्यांची गर्दी दिसू लागते.

इग्निशन बंद असलेल्या गाडीला "बाहेर गेली" असे म्हणायचेच नाही, असा सोपा नियम आम्हाला सुचला होता. आमच्याकडे यंत्रे बसवणाऱ्या मुलाने तो तिथेच अडवला. "सर, टोचन करून नेलेल्या गाडीचे इग्निशन बंदच असते," तो म्हणाला. म्हणून इग्निशन बंद असताना सलग पिंग 200 मीटरपेक्षा दूर पडले तर आम्ही नेहमीचा मेसेज पाठवत नाही. डेपोच्या सुपरवायझरला गाडी जागेवर आहे का ते पाहायला सांगणारा वेगळा मेसेज जातो.

एका अडचणीवर मात्र आमच्याकडे अजून पुरे उत्तर नाही. अलीकडे काही गोदामांत गाडी पूर्णपणे छताखाली जाऊन डॉकला लागते आणि तिथे यंत्राला उपग्रह मिळतच नाहीत. अशा वेळी आम्ही शेवटची खात्रीची स्थिती कायम ठेवतो आणि बाहेर आल्यावरचा पहिला चांगला पिंग मिळेपर्यंत नोंदीसमोर "स्थान नाही" असे लिहितो. गाडी गोदामाच्या एका दाराने आत शिरून दुसऱ्या दाराने निघाली तर मधला वेळ कोणत्या डॉकला गेला हे आम्हाला सांगता येत नाही, आणि त्या दोन दारांवर सध्या तरी वॉचमनचे रजिस्टरच आमच्या नोंदीशेजारी ठेवून महिन्याच्या शेवटी जुळवले जाते.